तुम्ही विचारलंत म्हणून: स्विस रोलची चीर

“ताई, तुमचा स्विस रोल तडकत कसा नाही? माझा दरवेळी मधोमध फाटतो.”

तुमचा केक बहुतेक थंड झालेला असतो. निदान माझं तरी पहिल्यांदा तेच झालं. केक ओव्हनमधून काढला, तेवढ्यात फोन आला, आणि पाच-सात मिनिटांनी परत येऊन गुंडाळायला घेतला तर दुसऱ्याच वळणाला चर्र! गरम स्पंज लवचिक असतो. निवताना त्यातली वाफ निघून जाते आणि तो ज्या आकारात असेल त्याच आकारात घट्ट होतो. सपाट निवलेल्याला मग वळवणार कसं? म्हणून त्याला गुंडाळीतच निववायचं.

मी तीन अंडी, ७५ ग्रॅम साखर आणि ७५ ग्रॅम मैदा घेते. नऊ बाय तेरा इंचाच्या ट्रेमध्ये बटर पेपर घालून २०० अंशांवर नऊ-दहा मिनिटं. बोटाने दाबल्यावर स्पंज वर आला की लगेच बाहेर. दोन मिनिटं जास्त झाली तरी कडा कुरकुरीत होतात, आणि असा कोरडा झालेला केक कुठल्याही फडक्याने वाचत नाही.

केक ओव्हनमध्ये असतानाच ओट्यावर तयारी मांडून ठेवायची. जुना सुती पंचा गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा. तळहातावर दाबल्यावर हात दमट व्हावा, पण थेंब येऊ नये. ओला राहिला तर केकची वरची साल चिकट होऊन सुटते. पंचा पसरून त्यावर बटर पेपर, आणि पेपरवर बारीक साखर भुरभुरवा. पिठीसाखर मी टाळते, गरम केकवर ती विरघळून जाते.

केक त्यावर उपडा करा, खालचा पेपर सोलून काढा आणि चारही कडा पाव इंच कापून टाका, कारण चिरा तिथूनच सुरू होतात. (हे तुकडे ताटापर्यंत पोचत नाहीत, आमच्याकडे ते ओट्यापाशीच संपतात.) जवळच्या आखूड बाजूला कडेपासून अर्धा इंच आत सुरीने उथळ खाच द्या, आरपार नको. पहिली घडी तिथे सहज मोडते. जॅमचा रोल असेल तर जरा कोमट केलेला जॅम लगेच पसरा आणि पंचा उचलत, त्याच्याच आधाराने केक पुढे ढकलत गुंडाळा. बोटांनी दाबू नका. उपडं करण्यापासून इथपर्यंत दोनेक मिनिटांत उरकायला हवं.

क्रीम मात्र गरम केकवर वितळतं. तेव्हा साखरेच्या पेपरसकटच गुंडाळून, जोड खाली ठेवून पूर्ण निवू द्या. नंतर उलगडताना आतलं टोक वळलेलंच राहू द्या. मी एकदा ते हौसेने सपाट केलं आणि चीर नेमकी तिथेच पडली.