फोटोतली रेघ

मित्राने फोटो पाठवला. व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात धरलेला शाफ्ट आणि खाली एकच शब्द : "किती?"

सरकत्या पट्टीचा शून्य २४ ओलांडून २५ च्या दिशेने बराच पुढे गेलेला. म्हणजे चोवीस पूर्ण, वर साधारण पाऊण मिलिमीटर. हा पाऊणचा अंदाज मी आधीच मनात धरून ठेवतो. नंतर रेघा मोजून ०.२० आलं, तर चुकलो हे लगेच कळतं.

मग सरकत्या पट्टीची मुख्य पट्टीवरच्या रेघेशी जुळणारी रेघ शोधायची. या कॅलिपरवर सरकत्या पट्टीचे ५० भाग ४९ मिलिमीटरमध्ये बसवलेले, त्यामुळे प्रत्येक भाग मिलिमीटरपेक्षा ०.०२ ने आखूड. फोटो मोठा केला तर तीन-चार रेघा सारख्याच जुळलेल्या वाटायला लागल्या. अशा वेळी मी शेजारणी बघतो. खऱ्या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या रेघा तिच्याकडे सारख्याच झुकलेल्या दिसतात. तशी निघाली एकोणचाळिसावी. ३९ गुणिले ०.०२, म्हणजे ०.७८. मोजण्यात चूक नाही ना, याचीही एक युक्ती आहे : ती रेघ मुख्य पट्टीच्या ६३ वर जुळली होती, आणि ६३ वजा ३९ बरोबर २४. माप २४.७८!

उत्तर टाइप करता करता थांबलो. फोटोत शून्य अगदी मधोमध होता आणि जुळलेली रेघ पार उजव्या कडेला. सरकती पट्टी मुख्य पट्टीच्या किंचित वर असते. समजा ही उंची ०.२ मिलिमीटर आणि फोन पंधरा सेंटिमीटरवर, तर बाजूला ३८ मिलिमीटरवरची रेघ सुमारे ०.०५ ने बाहेर सरकलेली दिसणार. म्हणजे अडीच रेघांचा घोटाळा, आणि माझी वजाबाकी तो पकडू शकत नाही. कॅलिपर हातात असता तर डोकं जरा सरकवलं असतं; फोटोपुढे डोकं कितीही हलवा, कॅमेरा होता तिथेच राहतो.

"लेन्स जुळलेल्या रेघेच्या बरोबर वर धरून पुन्हा काढ," म्हटलं. "तू फोटोग्राफर कधीपासून झालास?" असं विचारून त्याने काढला. आता सदतिसावी रेघ जुळली, ६१ वर. म्हणजे २४.७४.

तरी शून्याची चूक उरतेच, म्हणून जबडे पुसून, मिटून तिसरा फोटो मागवला. हा त्याने पुन्हा सवयीने शून्यावरूनच काढला, पण इथे तेच हवं होतं. शून्य शून्यावर तंतोतंत. वजा करण्यासारखं काही नाही. २४.७४ कळवून टाकलं. मग सहज उजवं टोक पाहिलं. जी पन्नासावी रेघ ४९ वर बसायला हवी, ती त्याच्या थोडी पुढे निघून गेलेली दिसत होती.