पदवीचे फोटो आणि भाषांतराचा हिशेब

सोमवारी सकाळी मेल उघडला तर पत्र अगदी शाळेत शिकवतात तसं लिहिलेलं. "विषय : पदवी कागदपत्रांच्या प्रमाणित जर्मन भाषांतराबाबत. महोदया, मी बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केले असून सध्या सातारा जिल्ह्यातील एका रुग्णालयात कार्यरत आहे. सोबत कागदपत्रांचे फोटो जोडत आहे. एकूण फी किती होईल व भाषांतर किती दिवसांत मिळेल, हे कृपया कळवावे. आपली विश्वासू." खाली नाव, मोबाइल नंबर, आणि पत्राला जोडलेला फोटोंचा भला मोठा गठ्ठा.

मी जर्मनीत बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात न्यायालयासमोर शपथ घेतलेली भाषांतरकार आहे. मराठी आणि इंग्रजीतून जर्मनमध्ये भाषांतर करते. 2024 साली महाराष्ट्र सरकारने या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सेसची अशी पत्रं माझ्याकडे जास्त येऊ लागली. बहुतेकांना एका ओळीत आकडा हवा असतो आणि त्यात काही चूक नाही, कारण पगारातून पैसे बाजूला टाकून ही सगळी तयारी चाललेली असते. म्हणूनच फोटो न बघता आकडा सांगायला मी तयार होत नाही.

पहिला फोटो पदवी प्रमाणपत्राचा होता. प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं, फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, त्यामुळे खालच्या बाजूला प्रकाशाचा पांढरा पट्टा पडलेला. कुलगुरूंची सही आणि विद्यापीठाचा शिक्का नेमका त्या पट्ट्याखाली. लोकांना वाटतं, मजकूर तर वाचता येतोय, मग सही-शिक्क्याचं काय एवढं? पण कागदावर जे जे आहे ते सगळं भाषांतरात यावं लागतं. गोल शिक्का असेल तर गोल शिक्का असं लिहून त्यातला मजकूर, सही असेल तर सही, मागच्या बाजूला काही छापलेलं असेल तर तेही. जे वाचता येत नाही तिथे मला "अवाच्य" असंच लिहावं लागतं, अंदाजाने भरता येत नाही. पदवीच्या भाषांतरात सही आणि शिक्का दोन्ही अवाच्य दिसले, तर तो कागद तपासणारा अधिकारी पुन्हा विचारणा करणार हे ठरलेलं.

गुणपत्रिका चार, चारही वर्षांच्या, स्वच्छ होत्या. फक्त मागची बाजू कुठेच नव्हती. श्रेणी कशी ठरते, उत्तीर्ण व्हायला किती गुण लागतात, हे बऱ्याचदा मागेच छापलेलं असतं. त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि मग अभ्यासक्रमाचं छापील पुस्तक, पानागणिक एकेक फोटो काढून.

या पुस्तकापाशी मी थांबले. इथे भाषांतराचा हिशेब पानांवर न करता ओळींवर करायची पद्धत आहे, आणि रिकाम्या जागा धरून 55 अक्षरांची एक ओळ मोजतात. पदवी प्रमाणपत्रात अशा ओळी थोड्याच भरतात, तिथे एका कागदाचा किमान दर लागतो. पण दाट छपाईचं अख्खं पुस्तक म्हटलं की हजारो ओळी झाल्या. मागितल्याप्रमाणे दरपत्रक दिलं असतं तर त्या एका पुस्तकाचाच खर्च बाकीच्या सगळ्या कागदांच्या कितीतरी पट गेला असता, आणि वेळ काही आठवडे.

पत्रात एक गोष्ट कुठेच नव्हती : हे भाषांतर कोणाला दाखवायचं आहे. म्हणून मी फोन लावला.

"मॅडम, एजंटने सांगितलं, जेवढं आहे तेवढं सगळं पाठवा."

"अर्ज कुठे करणार आहात, ते सांगितलंय का?"

"श्टुटगार्टला. ऑफिसचं नाव लांबलचक आहे."

म्हणजे रेगीरुंग्सप्रेझिडियम. या राज्यात परदेशी नर्सिंग पदवीची मान्यता तेच बघतं. या कार्यालयाची कागदपत्रांची यादी असते, आणि कोणता कागद मूळ, कोणता साक्षांकित, कशाचं भाषांतर हवं, हे त्या यादीवरून ठरवायचं. एजंटच्या तोंडी सांगण्यावरून ठरवायचं नाही. ही यादी हातात येईपर्यंत एकही पान भाषांतराला देऊ नका, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.

अभ्यासक्रमाचं तिला थोडं समजावून द्यावं लागलं. जर्मनीत नर्सिंगच्या प्रशिक्षणात किमान 2100 तास शिकवणी आणि 2500 तास प्रत्यक्ष काम असतं. मान्यता देणारा अधिकारी तुमचं शिक्षण त्याच्याशी ताडून बघतो. त्याला पाहायचं असतं ते तुम्ही स्वतः कोणत्या विषयाचे किती तास शिकलात आणि कोणत्या वॉर्डात किती तास काम केलंत. छापील पुस्तक सगळ्यांसाठी सारखंच, त्यात तुमचं नाव नाही. त्यासाठी लागतो तो कॉलेजने किंवा विद्यापीठाने तुमच्या नावाने दिलेला तासांचा तक्ता, विषयवार आणि वॉर्डवार, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी. हा तक्ता दोन-तीन पानांत मावतो. कार्यालयाने विषयांचा तपशील मागितलाच, तर पुस्तकातला तेवढाच भाग नंतर करता येतो.

शाळा सोडल्याचा दाखलाही मी बाजूला काढायला सांगितला, कारण जन्मतारखेसाठी पासपोर्ट होता.

त्या पासपोर्टवरूनच पुढची अडचण कळली. त्यावर लग्नानंतरचं नाव आणि पदवीवर माहेरचं. आपल्याला यात वावगं वाटत नाही, पण जर्मन अधिकाऱ्यापुढे या दोन वेगळ्या बायका आहेत. त्या दोघींना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, नमुना 'ई'. तो तिच्याकडे होता, पण "शिक्षणाचा नाही म्हणून" पाठवला नव्हता. तोही या कामात शिक्षणाचाच कागद ठरतो. नावाचं स्पेलिंग मी पासपोर्टप्रमाणे ठेवते, पण पदवीवर वेगळं छापलेलं असेल तर ते तसंच उतरवून खाली टीप देते. स्वतः दुरुस्ती करत नाही.

मग नवे फोटो कसे काढायचे ते सांगितलं. दिवसा, खिडकीपाशी, फ्लॅश बंद, कागद सपाट टेबलावर, चारही कोपरे दिसतील असे, दोन्ही बाजू. लॅमिनेट केलेला कागद किंचित तिरका धरला की चमक सरकते. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नाहीतर शिक्क्यातली बारीक अक्षरं पुसट होतात. आणि आणखी एक : भाषांतराखालच्या प्रमाणपत्रात मला समोर मूळ कागद होता, साक्षांकित प्रत होती की नुसता फोटो, हे नोंदवावं लागतं. फोटोवरून केलेलं भाषांतर कार्यालय स्वीकारतं का, हा प्रश्नही यादीसोबतच विचारून घ्यायचा.

संध्याकाळी मी लेखी उत्तर पाठवलं. पदवी, चार गुणपत्रिका, नोंदणी आणि विवाह प्रमाणपत्र, यांची रक्कम कागदागणिक वेगळी मांडली. मुदत दहा दिवस, स्पष्ट फोटो हातात पडल्यापासून, टपालाचा वेळ वेगळा. तासांच्या तक्त्याची रक्कम तो बघितल्यावर सांगेन, असं लिहिलं.

तक्ता नंतर आला. विषय व्यवस्थित होते, पण इंटर्नशिपपुढे तास नव्हते, आठवडे होते. आठवड्याला किती तास, ते कुठेच नाही. "मॅडम, तुम्हीच गुणाकार करून लिहा ना," ती म्हणाली. ते मला करता येत नाही, कागदावर आठवडे असतील तर भाषांतरातही आठवडेच येतात. मी तक्ता परत पाठवला आणि कॉलेजकडून काय लिहून आणायचं, ते वाक्य तिला मराठीत आणि इंग्रजीत तयार करून दिलं.