डाउनस्ट्रीमच्या शोधात अडकलेला मोडेम आणि भिंतीमागची एक तार

न्यू जर्सीतील एडिसन येथे आम्ही भाड्याच्या टाउनहाऊसमध्ये राहतो. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आमचे टीव्हीच्या केबलवरून येणारे इंटरनेट बंद पडले. मोडेमचा पॉवरचा दिवा स्थिर होता, पण डाउनस्ट्रीमचा, म्हणजे कंपनीकडून घराकडे येणाऱ्या सिग्नलचा, दिवा सतत लुकलुकत होता आणि त्यापुढचा एकही दिवा लागत नव्हता. मी मोडेम बंद करून पुन्हा चालू केला आणि वीस मिनिटे त्याला हात लावला नाही. आधी जिथे चॅनेल सापडला होता त्या फ्रिक्वेन्सीवर मोडेम प्रथम प्रयत्न करतो, आणि तिथे काही मिळाले नाही तर संपूर्ण पट्टा चाळत बसतो. या कामाला वेळ लागतो आणि दर दोन मिनिटांनी बटण दाबले की शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

वीस मिनिटांनंतरही फरक पडला नाही. मग लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडून ब्राउझरमध्ये 192.168.100.1 हा पत्ता उघडला. इंटरनेट नसतानाही हे पान उघडते, कारण ते मोडेमच्याच आत असते. तिथे `Acquire Downstream Channel` या ओळीसमोर `In Progress` असे दिसत होते आणि नोंदवहीत एकच ओळ पुन्हा पुन्हा आली होती:

```
SYNC Timing Synchronization failure - Failed to acquire QAM/QPSK symbol timing
```

म्हणजे खाते, पासवर्ड किंवा राउटर यांच्याशी या बिघाडाचा काही संबंध नव्हता. मोडेमला तारेवर वाचण्याजोगा सिग्नलच मिळत नव्हता. कंपनीच्या ग्राहक कक्षाने भागात बिघाड नसल्याचे सांगून मंगळवारची तंत्रज्ञाची वेळ दिली. मोडेम जोडलेलाच नसल्यामुळे त्यांना त्यांच्या बाजूने आमच्या घरातले काहीच दिसत नव्हते. माझा मात्र पहिला अंदाज चुकला. दिवाणखान्यातला केबल टीव्ही व्यवस्थित चालत होता, म्हणून घरातली तार ठीक आहे आणि मोडेमच बिघडला आहे असे मी धरून चाललो. त्याच दिवशी नवा मोडेम विकत आणण्याची माझी तयारी झाली होती.

डलासला राहणाऱ्या माझ्या मित्राने फोनवर मला थांबवले. नेटवर्कच्या कामात त्याची बरीच वर्षे गेली आहेत. "मोडेम उचल आणि तार घरात शिरते तिथे नेऊन जोड. तिथे लागला तर मोडेम चांगला आहे, आणि दोष तिथून तुझ्या टेबलापर्यंत कुठेतरी आहे," असे तो म्हणाला. आमची तार बाहेरच्या भिंतीवरच्या ग्राउंड ब्लॉकवरून, म्हणजे केबलला अर्थिंग देणाऱ्या जोडावरून, तळघरात येते. ग्राउंड ब्लॉकची अर्थिंगची तार न हलवता मी फक्त घराकडे जाणारी केबल काढली, त्या जागी एक छोटी केबल लावली, विजेसाठी एक्स्टेंशन ओढले आणि मोडेम चालू केला. चार मिनिटांत `Locked` असे आले. डाउनस्ट्रीमची पातळी अधिक ५ डीबीएमव्ही, सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर ३९ डीबी आणि अपस्ट्रीम, म्हणजे मोडेमकडून कंपनीकडे जाणारा सिग्नल, ३७ डीबीएमव्ही होता.

हे आकडे मी कागदावर उतरवून घेतले आणि पुढच्या तपासाला त्यांचाच उपयोग झाला. डीबीएमव्ही हे सिग्नलच्या पातळीचे माप आहे आणि शून्य डीबीएमव्ही म्हणजे एक मिलिव्होल्ट. डाउनस्ट्रीमची पातळी उणे १५ ते अधिक १५ या मर्यादेत असली तर मोडेमने चॅनेल पकडायला हवा, पण ती उणे ७ ते अधिक ७ च्या आत असलेली बरी. तळघरात आधीच्या भाडेकरूने लावलेला चार तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एका तारेचे फाटे करणारा जोड, होता, तो सुमारे ७ डीबी खातो. अभ्यासिकेतल्या टेबलामागे आणखी एक दोन तोंडांचा स्प्लिटर होता, तो साडेतीन खातो. दोन्हींमधली आरजी-६ तार साधारण ६० फूट आहे आणि वरच्या फ्रिक्वेन्सीवर तीही साडेतीनच्या आसपास खाते. ५ मधून हे १४ वजा केले की टेबलापाशी उणे ९ उरतात. ही पातळी चांगली नाही, पण तेवढ्यावर मोडेम लागायला हवा होता. तेव्हा स्प्लिटरांच्या गर्दीखेरीज आणखी काहीतरी नक्की बिघडले होते.

मग मी मोडेम तळघरातल्या स्प्लिटरच्या अभ्यासिकेकडे जाणाऱ्या तोंडाला जोडला. तिथे तो लागला आणि उणे २ दाखवू लागला, म्हणजे हिशेबाप्रमाणे बरोबर ७ कमी. स्प्लिटर निर्दोष ठरला. टेबलामागचा छोटा स्प्लिटर काढून मोडेम भिंतीवरच्या सॉकेटला थेट लावला, तर शोध पुन्हा सुरू झाला. आता संशय फक्त त्या ६० फुटी तारेवर आणि तिच्या दोन टोकांवर उरला.

इथे मल्टिमीटर कामी आला. तारेची दोन्ही टोके मोकळी करूनच मोजावे लागते, कारण पुष्कळ स्प्लिटरांच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो जोडलेला राहिला तर चांगली तारही शॉर्ट दिसते. सॉकेटची पट्टी उघडून मी मागचा कनेक्टर सोडवला, तळघरातले टोकही मोकळे केले आणि मधली तार व बाहेरची जाळी यांच्यात रोध मोजला. तो अनंत असायला हवा होता, पण मीटर २ ओहम दाखवत होता. भिंतीकडचा कनेक्टर बोटांनी जरा वाकवला की आकडा नाहीसा होई आणि सोडला की परत येई.

तो कनेक्टर मी खिडकीच्या उजेडात धरला. जुन्या पद्धतीचा, पकडीने दाबून बसवलेला कनेक्टर होता तो. आतल्या पांढऱ्या फोमवर जाळीची केसाएवढी एक तार मागे दुमडायची राहून गेली होती आणि ती वळून मधल्या तांब्याच्या तारेला टेकली होती. आदल्या रात्री आम्ही टेबल सरकवले तेव्हा केबलला हिसका बसून सॉकेट किंचित फिरले होते, हे मला तेव्हा आठवले. तोवर ती तार कदाचित काही वर्षे न टेकता राहिली असेल. टीव्ही का चालू होता याचाही उलगडा झाला. स्प्लिटरची तोंडे एकमेकांपासून बऱ्यापैकी विलग असतात, त्यामुळे एका फाट्यावर शॉर्ट झाला तरी दुसऱ्या फाट्यावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही.

घरमालकांना फोन करून मी त्यांची परवानगी घेतली, दुकानातून कॉम्प्रेशन कनेक्टर व त्याचे हत्यार आणले आणि टोक नव्याने बांधले. या वेळी जाळीची प्रत्येक तार मागे दुमडली, फोम कनेक्टरच्या आतल्या कडेला समपातळीत आणला आणि मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवली. ती आखूड राहिली तर सॉकेटमध्ये नीट पकडली जात नाही. कनेक्टर हाताने पूर्ण आवळून मग ११ मिलिमीटरच्या पान्याने थोडासाच फिरवला.

चार तोंडांच्या स्प्लिटरच्या जागी मी दोन तोंडांचा, ५ ते १००० मेगाहर्ट्झचा स्प्लिटर लावला आणि टेबलामागचा काढूनच टाकला. दुकानात उपग्रह टीव्हीसाठीचे ९५० मेगाहर्ट्झपासून पुढचे स्प्लिटरही तसेच दिसतात, म्हणून त्यावरचा छाप वाचूनच घ्यावे. अ‍ॅम्प्लिफायर लावण्याचा विचार मी केला नाही. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि परतीचा मार्ग नसलेला असला तर अपस्ट्रीमच अडवतो. शिवाय जुन्या मांडणीत दोन्ही स्प्लिटरांपलीकडे आपला आवाज पोचवायला मोडेमला ४८ डीबीएमव्हीच्या पुढे जावे लागले असते, म्हणजे त्याच्या ताकदीच्या जवळपास टोकाला.

संध्याकाळी टेबलावर मोडेम उणे २.४ डीबीएमव्ही, ३८ डीबी आणि अपस्ट्रीम ४२ दाखवत होता. हिशेबाने उणे २ यायला हवे होते. सोमवारी दिवसभर मी त्या पानावर दुरुस्त न होणाऱ्या चुकांचा रकाना पाहत राहिलो. रात्रीपर्यंत तो शून्यावरच होता, तेव्हा मी मंगळवारची भेट रद्द केली.