आजीच्या वाटीचे ग्रॅम

माझी भाची टोरांटोला एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करते. तिला माझ्या आजीचं कैरीचं लोणचं घालायचं होतं. ती तिकडेच वाढली, मराठी छान बोलते, पण वाचता येत नाही. शिवाय तिच्या हाताला काट्याची सवय, मीठसुद्धा ग्रॅममध्ये लागतं. म्हणून आजीच्या हातचं कार्ड तिच्यासाठी इंग्रजीत उतरवून द्यायचं काम मी घेतलं.

कार्डावर एवढंच आहे: "कैरीच्या फोडी 1 किलो. मीठ वाटीभर. मोहरीची डाळ वाटीभर. तिखट अर्धी वाटी. हळद 2 चमचे. मेथी 2 चमचे, हिंग हरभऱ्याएवढा, दोन्ही तळून कुटणे. फोडणीत चिमूटभर हळद, पूर्ण गार करून ओतणे. तेल वर येईल इतके."

सगळी मापं वाटीचीच असती तर वाटी केवढी हा प्रश्नच आला नसता. चार वाट्यांना दोन वाट्या असं प्रमाण कुठल्याही भांड्याने जमतं. इथे मात्र फोडी किलोने आहेत आणि मीठ वाटीने. वाटी बदलली की लोणचं बदललं. आणि लोणच्यात मीठ चवीपुरतं नसतं, ते टिकण्यासाठी असतं.

आजीची पितळी वाटी दादरला आत्याकडे अजून रोजच्या वापरात आहे. तिथे जाऊन आधी ती काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. 150 ग्रॅम, म्हणजे 150 मिली. अमेरिकन कप साधारण 240 मिलीचा असतो. 'वाटी'च्या जागी 'कप' लिहिलं असतं तर मीठ दीडपटीच्या वर गेलं असतं.

आता मीठ. आत्याला "तुझं माप दाखव" म्हटलं की ती जपून, मोजूनमापून घ्यायला लागते आणि नेहमीचा हात राहत नाही. त्यामुळे मी मिठाचा डबा आधी वजन करून ठेवला, तिला तिच्या पद्धतीने घेऊ दिलं आणि नंतर डबा पुन्हा काट्यावर ठेवला. जो फरक आला ते तिचं माप. वाटी शिगोशीग नव्हती, तिने बोटाने वरून सपाट केली होती. 180 ग्रॅम. ते मीठ बारीक होतं. आजी खडे मीठ आणून, भाजून, कुटून घ्यायची, असं आत्या म्हणाली, म्हणजे तेही बारीकच.

हे विचारून घेतलं ते फार बरं झालं. भाचीच्या किचनमध्ये कोशर सॉल्ट वापरतात. त्याच्या काही प्रकारांचे दाणे पोकळ, पापुद्र्यासारखे असतात. तसलं मीठ त्याच 150 मिलीत जेमतेम 85 ग्रॅम मावतं. वाटी बरोबर, मीठ निम्मं, आणि काही दिवसांत लोणच्यावर बुरशी. म्हणून मिठाच्या ओळीत मी वाटी लिहिलीच नाही. "फोडींच्या वजनाच्या 18 टक्के मीठ" असं लिहिलं. कुठलंही मीठ घे, वजन तेच राहील. फक्त आयोडीन नसलेलं असलं तर उत्तम.

दुसरी गाठ फोडींची. 1 किलो अख्ख्या कैऱ्या आणल्या तर कोय काढल्यावर फोडी पाऊण किलोच्या आतबाहेर भरतात. 180 ग्रॅम मीठ त्यांना लावलं तर खारट होणार. कार्डावर स्पष्ट 'फोडी' आहे, आणि आत्याही म्हणाली, "आई कैऱ्या चिरून, पुसून, सावलीत सुकवून मग वजन करायची." पुसण्याची ही गोष्ट कार्डावर नाही. फोडीवर पाणी राहिलं तर मीठ कितीही घाला, लोणचं धोक्यात. ती ओळ मी वर, ठळक अक्षरात घातली.

चमच्यावर जरा वेळ गेला. 'टीस्पून' 5 मिलीचा, 'टेबलस्पून' 15चा. आत्याच्या डब्यातला चमचा पोह्याचा, त्यात साधारण 8 मिली पाणी मावलं. म्हणजे दोन्हींच्या मधला. मेथीचे 2 चमचे 13 ग्रॅम भरले. टेबलस्पूनने घेतली असती तर 22 ग्रॅमच्या आसपास गेली असती, आणि मेथी जास्त झाली की लोणचं कडू होतं, ते नंतर सुधारत नाही.

चिमटीसाठी घरचा काटा उपयोगी नाही. एकेक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर चिमूट टाकली तर तो जागचा हलत नाही. आत्याने कागदावर 10 चिमटी हळद काढली, मग कागद काट्यावर ठेवला: 4 ग्रॅम. म्हणजे एक चिमूट अर्ध्या ग्रॅमहून थोडी कमीच. इतक्या कमी वजनाला भाचीने तिची बोटं वापरावी, असंच मी लिहिलं.

हिंगाचं वजन मी दिलं, पण त्यावर विसंबू नकोस असंही लिहिलं. आजीचा हरभऱ्याएवढा हिंग म्हणजे खडा हिंग. तिकडे दुकानात मिळते ती डबीतली पूड, तिच्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, जोर बराच कमी. त्यामुळे 1 टीस्पूनपासून सुरुवात कर, तेलात परतल्यावर हिंगाचा वास स्वयंपाकघरभर आला पाहिजे. ही पूड तळून कुटायची नाही, गॅस बंद केल्यावर तेलात घालायची, नाहीतर क्षणात करपते. पिठात बहुतेक वेळा गहू असतो, तेव्हा कोणाला गहू चालत नसेल तर डबीवरचं वाचून घे.

'पूर्ण गार करून' याचं कारणही लिहिलं. कारण कळलं नाही की अशी पायरी घाईत गळते. मोहरीच्या डाळीचा झणका ओलावा लागल्यावर सुटतो आणि उष्णतेने मरतो. गरम फोडणी ओतली की मोहरी बेचव आणि फोडी मऊ. भांड्याला बाहेरून हात लावून भागत नाही, तेलातच थर्मामीटर बुडवून ते खोलीइतकं गार झालंय का बघ, असं सांगितलं. तिच्याकडे तो असतोच.

राहिलं तेल. "वर येईल इतके" याचा आकडा मी आधाराला 300 मिली दिला, पण मूळ वाक्य काढलं नाही. फोडी दोन-तीन दिवसांत खाली बसतात, खार सुटतो, तेल जिरतं. चौथ्या दिवशी काचेच्या बरणीत बाहेरून बघायचं. तेल फोडींच्या वर बोटभर नसेल तर आणखी तापवून, गार करून घालायचं. बरणी तिने फ्रीजमध्ये ठेवावी, असं आत्याचं आणि माझं ठरलं.

भाचीला इंडियन स्टोअरमध्ये कैऱ्या मिळाल्या, पण चिरून-पुसून फोडी भरल्या 640 ग्रॅम. तिने फोन करून विचारलं, "मावशी, आता मीठ किती?" मी म्हटलं 18 टक्के काढ. 115 ग्रॅम आलं. मोहरी, तिखट, मेथीही तिने त्याच हिशेबाने कमी केली. चौथ्या दिवशी तेल फोडींच्या खाली गेलेलं दिसलं, तिने आणखी 60 मिली घातलं. पंधरा दिवसांनी चव घेतली तर आंबटपणा कमी वाटला. तिथल्या कैऱ्या थोड्या पिकायला आलेल्या होत्या. ते काही मापाने भरून निघणार नाही, पुढच्या वेळी तिला कडक, हिरव्यागार कैऱ्या मिळेपर्यंत थांबायला सांगितलंय.