‘नेहमी’ खोडलं

आज सकाळी मार्केट यार्डातल्या ऑफिसात बसून एक मेल तीनदा लिहिला. आमच्याकडच्या नव्या पोरानं हळदीच्या डिस्पॅच शीटमध्ये ५० किलोच्या पोत्यांऐवजी २५ किलो टाकलं होतं. ट्रक निघायच्या आधी हमालांनीच चूक पकडली, पण गाडी दोन तास थांबली.

पहिला मेल रागाचा होता. ‘तू नेहमी निष्काळजीपणा करतोस’, वर साहेबांना सीसी. वाचल्यावर वाटलं, नेहमी कुठे? चार महिन्यांत दुसऱ्यांदा. आणि ‘निष्काळजी’ वाचून तो उद्या नेमकं काय बदलणार? आधी सीसी काढलं, मग ‘नेहमी’.

शेवटी गेला तो असा: “काल शीटमध्ये तीन ओळींत पोत्याचं वजन २५ किलो होतं, खरं ५०. त्यामुळे गाडी दोन तास अडकली. मागच्या महिन्याच्या शीटवरून कॉपी केलंस का? सोमवारपासून शीट पाठवण्याआधी एकूण वजन काटापावतीशी जुळव आणि जुळल्याची एक ओळ मला टाक. दोन आठवड्यांनी बघू. पार्टीला तू स्वतः फोन करून उशीर सांगितलास, ते चांगलं केलंस.”

कौतुक मुद्दाम एकच लिहिलं, कारण खरं तेवढंच होतं. उगाच गोड पेरलं की मुद्दा त्यात विरघळतो.

पाठवायच्या आधी त्याच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, “मेल येतोय, घाबरू नकोस.” लेखी शब्दाला आवाज नसतो ना.

दुपारी उत्तर आलं, “हो दादा, कॉपीच केलं होतं. त्या रकान्याला कुलूप लावू का?”

हे मला सुचलंच नव्हतं.