माझा अनुभव : चढत्या हप्त्याचे गृहकर्ज आणि न मिळणारा तक्ता

पाथर्डी फाट्याजवळच्या सदनिकेसाठी मला ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी हवे होते. ९ टक्क्यांनी त्याचा समान हप्ता सुमारे २७ हजार रुपये येत होता आणि अंबडमधल्या माझ्या तेव्हाच्या पगारात तो जड होता. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी टोकनच्या चिठ्ठीमागे '१८,८१५' असा आकडा लिहून दिला आणि म्हणाले, "दरवर्षी पाच टक्के वाढेल, पगारही वाढणारच की तुमचा." कागदपत्रे, मूल्यांकन आणि मंजुरी हे सारे दोन आठवड्यांत उरकले.

अडले ते एका प्रश्नावर, की वीस वर्षांत एकूण व्याज किती जाणार? "सिस्टीममध्ये फक्त चालू हप्ता दिसतो," हे उत्तर मी तीन खेपांना ऐकले आणि प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची रजा गेली. शेवटी चिडून घरीच एक्सेलमध्ये तक्ता मांडला. पहिल्याच ओळीत घोळ सापडला. ३० लाखांवर महिन्याचे व्याज होते २२,५०० आणि हप्ता मात्र १८,८१५, म्हणजे उरलेले ३,६८५ रुपये पहिल्याच महिन्यात मुद्दलात मिळणार होते. पाच वर्षे नियमित हप्ते भरूनही माझे देणे ३१ लाख ४२ हजारांवर गेले असते आणि विसाव्या वर्षी हप्ता ४७,५०० च्या पुढे. एकूण व्याज ४४ लाख ६६ हजार होत होते, तर समान हप्त्यात ते ३४ लाख ७८ हजार होते.

मग पहिला हप्ता व्याजाच्या जरा वर, २३ हजार धरून पाहिला. वाढ तीच, पाच टक्के. कर्ज १५ वर्षांत फिटत होते आणि व्याज सुमारे २९ लाख १८ हजारांवर थांबत होते. दर सगळीकडे ९ टक्केच धरला होता; तरत्या दरात हे आकडे हलतात.

चौथ्या खेपेला तक्ता छापून नेला आणि कर्जाच्या मुख्य अटी मांडणारे 'की फॅक्ट स्टेटमेंट' लेखी मागितले. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेने ते सक्तीचे केले आहे आणि त्यात परतफेडीचा तक्ताही द्यावा लागतो, हे मला आधी ठाऊक असते तर तीन रजा वाचल्या असत्या. वीस मिनिटांत कागद हातात आला आणि त्यातले आकडे माझ्याशी जुळले, याचा आनंद मी लपवला नाही.

एक सांगायचे राहिले. हप्ता कोणत्या महिन्यात वाढणार हे करारात पाहून घ्या. आमची पगारवाढ एप्रिलची असली तरी हातात जुलैत पडते, म्हणून मी वाढ ऑगस्टपासून लावून घेतली.

२३ हजारांवर सही केली. पहिल्या वर्षी २ लाख ७६ हजार भरले आणि मुद्दल घटले फक्त ६,२५४ रुपयांनी.