फी बाकी म्हणून हॉल तिकीट अडलं तेव्हा

तिसऱ्या वर्षाच्या सत्र परीक्षेआधी हॉल तिकीट घ्यायला कॉलेजच्या ऑफिसात गेलो, तर क्लार्क म्हणाले, "पन्नास हजार बाकी दिसतंय, आधी अकाउंट्सला जा." परीक्षा फॉर्म भरलेला, परीक्षा शुल्काची पावती हातात, तरी तिकीट नाही.

परीक्षा शुल्क विद्यापीठाचं, वार्षिक फी कॉलेजची. हॉल तिकीट काढतं विद्यापीठ, पण आमच्याकडे ते कॉलेजच्या लॉगिनमधून छापून, सही-शिक्का होऊनच हातात पडतं. वसुलीसाठी कॉलेज नेमकं तिथेच अडवतं. परीक्षा फॉर्मच भरला नसेल किंवा हजेरी कमी असेल, तर अडचण वेगळी आणि तिचा उपायही वेगळा. म्हणून आधी कारण विचारून घ्यावं.

मी अकाउंट्समधून माझं फी लेजर मागून घेतलं. एकूण फी 92,000, भरलेले 42,000. उरलेल्या 50,000 मध्ये माझे खरे देणे 10,000 च होते. बाकीचे 40,000 म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून मिळणारी निम्मी ट्यूशन फी. संगणकावर मात्र सगळी रक्कम एकाच 'बाकी'त दिसत होती. महाडीबीटीवर अर्ज उघडून पाहिला, तर तो कॉलेजच्याच पडताळणीत अडकलेला. म्हणजे पैसे येत नव्हते ते त्यांच्या टेबलावर अर्ज पुढे सरकला नव्हता म्हणून, आणि तिकीट मात्र माझं रोखलेलं! या गोष्टीचा मला आजही राग येतो. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडे सरकारकडून येणारी रक्कम परीक्षेच्या तोंडावर मागणं अन्यायाचं आहे.

बाबांनी त्याच दिवशी 10,000 भरले. मग प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. सोबत पावती, महाडीबीटीच्या अर्जाची प्रिंट (अर्ज क्रमांक आणि स्थिती दिसेल अशी) आणि बाबांच्या सहीचं हमीपत्र जोडलं: शिष्यवृत्ती खात्यात जमा होताच ती रक्कम कॉलेजात भरू, नामंजूर झाली तर हप्त्यांनी भरू. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही, शिक्का असला की उत्तर द्यावंच लागतं. कॉलेज अडून बसलं असतं, तर तीच प्रत घेऊन विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जायची तयारी होती.

ती वेळ आली नाही. प्राचार्यांनी अर्जावरच "हमीपत्र घेऊन हॉल तिकीट द्यावे" असा शेरा मारला, आणि क्लार्कनी तो पाहून तिकीट छापून दिलं. शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच आठवड्यात पुढे गेला.

हमीपत्राने बाकी माफ होत नाही, ती लेजरवर राहतेच. पुढे गुणपत्रक किंवा टीसी घेताना ती पुन्हा निघू शकते. म्हणून पैसे आले की लगेच भरून पावती घ्यायची आणि लेजरवर शून्य बाकी दिसते का, ते तिथेच पाहायचं. खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हेही बँकेत विचारून ठेवायचं, कारण रक्कम जमा होते ती त्याच खात्यात.